युरिक ॲसिडची गोळी चालू केली आणि पाय जास्तच सुजला, आता काय करायचं?

नमस्कार मॅडम, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मिस्टरांचं वय 47, दोन वर्षांपासून पायाचा अंगठा सुजतो, मागच्या वर्षी चार वेळा. गड्ड्याची जत्रा झाल्यावर डॉक्टरांनी तपासलं, युरिक ॲसिड 9.4 आलं, किडनीचा रिपोर्ट चांगला. ॲलोप्युरिनॉल 100 ची एक आणि कोल्चिसिन 0.5 ची एक, रोज, असं दिलं. दुखत तर नव्हतं, म्हणून कोल्चिसिन आठ-दहा दिवसांत सोडली. तिसऱ्या आठवड्यात अंगठा आणि घोटा असा सुजला की अंगावरची चादरसुद्धा पायाला सहन होईना. भाऊजी म्हणाले गोळी गरम पडली, मग सगळंच बंद केलं. त्या दुखण्यातच परत रक्त तपासलं तर 6.6, लॅबवाला म्हणाला नॉर्मल आहे. आता महिना झाला, पाय बरा आहे. भाऊजींना स्वतःला 300 ची गोळी चालू आहे, ते म्हणतात घ्यायचीच असेल तर ही घे, 100 ने काय होतंय. गोळी परत चालू करायची का? आणि कोणती?
– एक वाचक, सोलापूर

ताई, चालू करायची. पण भाऊजींच्या पाकिटातली नाही, तुमच्या डॉक्टरांकडे परत जाऊन, 100 पासूनच, आणि या वेळी कोल्चिसिन डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत सोडायची नाही. एवढं वाचून तुम्ही फोन ठेवला तरी चालेल, पण मिस्टर आणि भाऊजी दोघांनाही पटवायचं काम तुमच्याकडेच येणार दिसतंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

मिस्टरांचा हा आजार म्हणजे गाऊट. पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात झालं काय ते बघू. रक्तात युरिक ॲसिड साधारण 6.8 पर्यंत विरघळलेलं राहतं, त्याच्या वर गेलं की हळूहळू त्याचे बारीक सुईसारखे खडे सांध्यात जमायला लागतात, आणि पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड राहतो म्हणून बहुतेकांना तिथेच आधी जमतात. तुमच्या मिस्टरांचा अंगठा दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा सुजला असला तरी खडे जमायला लागलेत त्याच्या बरेच आधीपासून, तेव्हा ते गुपचूप बसून होते एवढंच. आता ॲलोप्युरिनॉलच्या गोळीने रक्तातलं युरिक ॲसिड उतरायला लागलं की हे जुने खडे विरघळायला लागतात, आणि खरी गडबड इथेच होते. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर धरतो ना, त्याच्यावर ॲसिड टाकलं की तो काही सगळा गुमान पाणी होऊन जात नाही, त्याचे पापुद्रे सुटून पाण्यात येतात. सांध्यातही तसंच, थर सैल झाला की त्यातले खडे सुटून सांध्यातल्या पाण्यात येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते परके वाटतात, त्या त्यांना गिळायला धावतात, आणि मग सूज, लाली, आग, ठणका, सगळं एकदम. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गोळी चालू केली आणि रोग वाढला. पण नवीन खडे तयार झालेले नसतात, जुनेच जागचे हलतात.

म्हणून "गोळी गरम पडली" हे भाऊजींचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यांनी बघितलं ते खरंच होतं, गोळीनंतर पाय सुजला. त्यावरून गोळी बंद करायची हे मात्र उलटं झालं. पहिले तीन ते सहा महिने असे अटॅक येऊ शकतात, ज्यांना खडे जास्त साठलेत त्यांना त्याहूनही जास्त दिवस, आणि हे गोळी लिहून देतानाच पेशंटला सांगायला पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलही, ओपीडीच्या गर्दीत दोन मिनिटांत सांगितलेलं घरी येईपर्यंत निम्मं उडून जातं, त्यात कुणाची चूक काढण्यात अर्थ नाही.

आता कोल्चिसिन. तुम्ही ती दुखण्याची गोळी समजलात आणि दुखत नाही म्हणून सोडलीत, अगदी साहजिक आहे, नव्वद टक्के लोक हेच करतात असं म्हटलं तरी मला नवल वाटणार नाही. पण तिला इथे दिलं होतं ते राखणीला. खडे सुटले तरी पांढऱ्या पेशींनी एवढा गोंधळ घालू नये म्हणून 0.5 ची गोळी रोज एक, काहींना दोन, अशी पहिले तीन ते सहा महिने ॲलोप्युरिनॉलच्या जोडीला चालू ठेवतात. म्हणजे नेमकं जेव्हा काही दुखत नाही तेव्हाच ती घ्यायची असते. तुमच्या मिस्टरांची दहाव्या दिवशी राखण उठली आणि तिसऱ्या आठवड्यात अटॅक आला, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

कोल्चिसिनने काहींना जुलाब लागतात, तसं झालं तर मनाने सोडू नका, डॉक्टर डोस कमी करतात किंवा त्याऐवजी दुसरं काही कमी डोसमध्ये देतात. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ही गोळी चालू असताना घशासाठी किंवा पोटातल्या जंतूंसाठी क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर आधी सांगायचं की कोल्चिसिन चालू आहे. दोन्ही एकत्र झाली की कोल्चिसिन शरीरातून बाहेरच पडत नाही नीट, साठून विषारी होते. किडनी खराब असलेल्यांना तर जास्तच. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्नायू दुखायला लागले किंवा जिना चढताना पाय लटपटले तर त्याचा संबंध असू शकतो.

6.6 चं कोडं. इथे दोन गोष्टी एकात एक अडकल्यात. एक म्हणजे ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड पुष्कळदा खाली गेलेलं दिसतं, कधी कधी पार नॉर्मलसुद्धा, त्यामुळे पाय सुजलेला असताना काढलेला आकडा धरून काहीच ठरवायचं नसतं. अटॅक पूर्ण बसल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासायचं, तो आकडा खरा. दुसरी गोष्ट, रिपोर्टवर शेजारी छापलेली रेंज 7 किंवा 7.2 पर्यंत असते, ती सगळ्या लोकांसाठी असते. ज्याच्या सांध्यात खडे बसलेत त्याला लॅबच्या रेंजशी देणंघेणं नाही, त्याचं टार्गेट 6 च्या खाली. कानाच्या पाळीवर, कोपराला किंवा बोटांवर पांढरट गाठी दिसत असतील तर बरेच डॉक्टर 5 च्या खाली आणायला बघतात, म्हणजे गाठी लवकर विरघळतात. 6.6 ला जुने खडे जेमतेम जागेवर राहतील, विरघळणार नाहीत. त्यात ॲलोप्युरिनॉल बंद करून आता महिना झालाय, त्यामुळे आज तपासलं तर आकडा परत 9 च्या घरात असेल अशी माझी अटकळ आहे, कारण गोळी सोडली की एक-दोन आठवड्यांत युरिक ॲसिड होतं तिथे परत जातं.

आता भाऊजींची 300. असं एकदम 300 ने चालू करायचे दिवस होते, अजूनही कुठे कुठे तसं लिहिलेलं दिसतं, पण तुम्ही करू नका. युरिक ॲसिड जेवढं झपाट्याने खाली पाडाल तेवढे खडे एकदम सुटणार आणि अटॅक तेवढेच जोरात, हे एक कारण, आणि ते तर तुम्ही 100 वरच अनुभवलंय. पण मला जास्त काळजी दुसऱ्या कारणाची आहे. ॲलोप्युरिनॉलची एक ॲलर्जी आहे, फार क्वचित होते, हजारात एखाद-दुसऱ्याला, पण होते तेव्हा जिवावर बेतू शकतं. अंगावर लाल पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, चेहरा सुजणं, कातडी सोलवटणं, आणि आतून लिव्हर-किडनीलाही मार. ती बहुतेक करून पहिल्या दोन-तीन महिन्यांत होते, आणि सुरुवातीचा डोस जेवढा मोठा आणि किडनी जेवढी कमजोर तेवढा धोका जास्त असं दिसून आलंय. म्हणून किडनी चांगली असेल तर 100, किडनी अर्धवट काम करत असेल तर 50 पासून, म्हणजे 100 ची अर्धी. भाऊजींना 300 चालू आहे म्हणजे त्यांचं शरीर त्या गोळीला सरावलंय, तुमच्या मिस्टरांचं नाही.

या पुरळाचं मात्र पक्कं करून टाका घरात. ॲलोप्युरिनॉल चालू असताना अंगावर कुठेही नवीन पुरळ उठलं, साधं घामोळं वाटलं तरी, त्या दिवशी गोळी बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. आपल्या उन्हाळ्यात घामोळं तर सगळ्यांनाच येतं, मान्य आहे, तरीही दाखवायचं, ते घामोळंच निघालं तर बरंच आहे. ताप किंवा तोंडात फोड असतील तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल. पाय सुजला तर गोळी चालूच आणि पुरळ उठलं तर गोळी बंद, लोक नेमकं याच्या उलट करतात, पाय सुजला की घाबरून गोळी सोडतात आणि पुरळावर पावडर लावून गोळी खात राहतात.

मग पुढे कसं जायचं. समजा परवा डॉक्टरांनी 100 परत चालू केली, जेवणानंतर रोज एक, आणि कोल्चिसिन 0.5 जोडीला. साधारण चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, युरिक ॲसिड आणि सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन. समजा आलं 8.1. लोक इथे म्हणतात बघा, गोळीचा उपयोग नाही. अहो 9.4 वरून 8.1 म्हणजे गोळी लागू आहे, फक्त पुरत नाही. मग डॉक्टर 200 करतील. परत चार आठवडे, समजा 6.9. मग 300, परत चार आठवडे, 5.7 आलं. इथे थांबायचं, हाच त्यांचा डोस. हे आकडे मी नुसते समजावण्यासाठी घेतलेत, कुणाला 200 वरच भागतं, कुणाला 400 लागतात. आणि 300 म्हणजे शेवट असा एक गैरसमज फार खोल बसलाय, डॉक्टरांमध्येसुद्धा. 300 वर आकडा 6.8 असेल तर अजून हळूहळू वाढवता येतं, लक्ष ठेवून 800 पर्यंतही देतात. खूप लोक वर्षानुवर्षं 300 खाऊन 7 वर अडकलेले असतात आणि अटॅक येतच राहतात, मग गोळीला नावं ठेवतात. तुमच्या भाऊजींचा शेवटचा आकडा किती होता तेही सहज विचारून बघा.

या तीन-चार महिन्यांत परत पाय सुजला तर? सुजू शकतो, कोल्चिसिनने अटॅक कमी होतात, अजिबात बंद होतीलच असं नाही. तेव्हा ॲलोप्युरिनॉल रोजच्यासारखीच चालू ठेवायची, त्या दिवसापुरती वाढवायचीही नाही आणि सोडायचीही नाही, कारण सोडून परत चालू केली की आकडा खाली-वर होतो आणि खडे पुन्हा हलतात. वरून अटॅकची वेगळी गोळी घ्यायची, ती कोणती आणि किती हे डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घेऊन दोन-तीन दिवसांची घरात आणून ठेवा. अटॅकचं औषध पहिल्या काही तासांत गेलं तर लवकर बसतं, रात्री दोनला ठणका लागला आणि सकाळी मेडिकल उघडेपर्यंत बसून राहिलात तर मग आठवडा जातो. पाय उंच, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, चोळायचं नाही, तेल लावून मालिश तर नाहीच नाही. आणि मेडिकलमधून सुट्टी मिळणारी ती तीन-चार रंगांच्या गोळ्यांची पुडी घेऊ नका, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आराम वाटतो पण काय आणि किती घेतलं तेच कळत नाही. एक अपवाद सांगून ठेवते, सांधा सुजलाय आणि थंडी वाजून जोरात ताप आलाय, माणूस एकदम गळून गेलाय, किंवा सांध्याजवळ जखम आहे, तर तो नेहमीचाच अटॅक असं धरून चालू नका. सांध्यात पू झाला असेल तरी असंच दिसतं आणि ते त्याच दिवशी दाखवायचं असतं.

आता मिस्टरांचा प्रश्न असणार, ॲलोप्युरिनॉल किती दिवस खायची. खरं सांगायचं तर कायमच धरून चाला. ही गोळी शरीरात युरिक ॲसिड तयार करणाऱ्या एका एन्झाइमला अडवते, गोळी आहे तोवर ते अडलेलं राहतं, गोळी थांबली की कारखाना परत पूर्ण शिफ्टमध्ये चालू. फसगत अशी होते की वर्ष-दीड वर्ष अटॅक आला नाही की माणसाला वाटतं आपण बरे झालो, मग गोळी सुटते, लगेच काहीच होत नाही, दोन-चार महिने मजेत जातात, आणि मग एक दिवस गुडघा किंवा मनगट धरतो, तेव्हा कुणालाच आठवत नाही की गोळी सोडली होती. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांनी पाचशेच्या वर पेशंटवर एक अभ्यास केला, 2018 साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला. एका गटाला नर्सने नीट समजावून सांगितलं, हळूहळू डोस वाढवला, रक्त तपासत राहिल्या, दुसऱ्या गटाचं नेहमीच्या डॉक्टरांकडे चालतं तसं चाललं. दोन वर्षांनी पहिल्या गटातले 95 टक्के लोक 6 च्या खाली होते, दुसऱ्यातले फक्त 30 टक्के. आणि तुमच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे पहिल्या वर्षात दोन्ही गटांत अटॅक जवळपास सारखेच होते, फरक दिसला तो दुसऱ्या वर्षी. तेव्हा पहिल्या वर्षावरून गोळीचा हिशोब मांडू नका असं मिस्टरांना सांगा. आकडा 6 च्या खाली बसला की सहा महिन्यांतून एकदा तपासलं तरी पुरतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण घरात कुणीतरी डाळ, पालक, टोमॅटो बंद करायला लावलं असणारच. डाळ खाऊ द्या, भाकरीबरोबर शेंगाचटणीही खाऊ द्या. कमी करायचं ते बिअर आणि दारू, कलेजी-वजडी, मटणाचा मोठा वाटा आणि बाटलीतली गोड थंड पेयं. हे सगळं काटेकोर पाळूनही युरिक ॲसिड साधारण 1 ने उतरतं, 9.4 चं 8.4 होईल, त्यामुळे नुसत्या पथ्यावर गोळी सोडायचा विचार नको. त्यापेक्षा पाण्याकडे बघा, लूमच्या शेडमध्ये एप्रिल-मेचं 42-43 आणि दिवसभर नुसता चहा, त्यानेही अटॅक येऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना मिस्टरांच्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. बीपीची गोळी असेल आणि नावाच्या शेवटी 'एच' असेल तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे, ते युरिक ॲसिड वाढवतं, बदलता येतं का विचारा, पण स्वतःहून बंद नको. आणि त्वचेच्या, आतड्याच्या किंवा सांध्याच्या दुसऱ्या आजारासाठी कुणी अझाथायोप्रिन दिलेलं असेल तर ॲलोप्युरिनॉलचा पहिला डोस घ्यायच्या आधीच सांगायचं. गंमत म्हणजे ॲलोप्युरिनॉल शोधलं तेच मुळात अझाथायोप्रिनच्या जवळचं एक कॅन्सरचं औषध शरीरात जास्त वेळ टिकावं म्हणून, अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या लॅबमध्ये, गाऊटला त्याचा उपयोग नंतर कळला, त्या दोघांना 1988 चं नोबेलही मिळालं. त्यामुळे दोन्ही एकत्र घेतली तर अझाथायोप्रिन अंगात कितीतरी पटीने वाढतं आणि रक्तातल्या पेशीच घटायला लागतात. मिस्टरांना असलं काही चालू नसेल तर हा भाग सोडून द्या. त्या 6.6 च्या रिपोर्टवर मात्र पेनने "पाय सुजलेला असताना काढला" असं आजच लिहून ठेवा, नाहीतर तो बघून डॉक्टरही फसतील.